उत्तर चुकले, मग पुढचा प्रश्न कोणता?

पॅरिसमधल्या शाळकरी मुलांना तर्काचे प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तरे मोजायची आणि कोणत्या वयाच्या मुलाला कोणते प्रश्न सुटायला हवेत याचे कोष्टक बसवायचे, हे काम १९२० च्या सुमारास एका तरुण स्विस संशोधकाकडे आले. चाचण्या लंडनच्या सिरिल बर्ट यांच्या होत्या. त्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करून घ्यायच्या होत्या. काम सोपवणारे थिओडोर सिमाँ म्हणजे आल्फ्रेड बिने यांच्या जोडीने बुद्धिमापनाची पहिली चाचणी रचणारे गृहस्थ. तरुणाची डॉक्टरेट गोगलगायींच्या कुळातल्या प्राण्यांवर, आणि त्याचे नाव जाँ पियाजे. बरोबर उत्तरे मोजण्याचा त्याला लवकरच कंटाळा आला. चुकलेल्या उत्तरांत मात्र त्याचा जीव अडकला, कारण एकाच वयाची मुले बऱ्याचदा एकाच पद्धतीने चुकत होती. ठोकताळ्याने दिलेली उत्तरे अशी एका वळणावर जात नाहीत. म्हणून तो मुलांना विचारू लागला, ‘असं का वाटतं तुला?’ आणि मुले सांगू लागली.

पुढची जवळजवळ साठ वर्षे पियाजे यांनी हेच केले, बहुतेक काळ जिनिव्हात. त्यातून मुलांच्या विचारांच्या चार अवस्था पुढे आल्या. डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्याला आणि टीईटीच्या बालमानसशास्त्राच्या ३० गुणांची तयारी करणाऱ्याला त्या तोंडपाठ असतात. जन्म ते २ वर्षे संवेदन-कारक अवस्था, २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक आणि ११ नंतर औपचारिक क्रियात्मक. कोष्टक चार ओळींचे आहे आणि परीक्षेला पुरते. वर्गात मात्र ते एकटे फारसे कामाला येत नाही, कारण समोरच्या मुलाच्या कपाळावर अवस्था लिहिलेली नसते. ती प्रश्न विचारून शोधावी लागते. तो प्रश्न कसा विचारायचा हे पियाजे यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, आणि त्यांच्या प्रश्नांत काय चुकत होते तेही.

पहिल्या अवस्थेतल्या मुलाला प्रश्न विचारता येत नाही, कारण त्याला भाषाच नसते. तिथे प्रश्न वस्तूंमधून विचारावा लागतो. पियाजे यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांना, म्हणजे जॅकलीन, ल्युसिएन आणि लोराँ यांना, असे प्रश्न घातले आणि तारीखवार नोंदी ठेवल्या. जॅकलीन साडेदहा महिन्यांची असताना ती गादीवर बसली होती आणि हातात खेळण्यातला पोपट होता. वडिलांनी तो घेऊन तिच्या डाव्या बाजूला गादीखाली लपवला. तिने लगेच शोधून काढला. पुन्हा तिथेच लपवला, पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो अगदी सावकाश, तिच्या डोळ्यांदेखत, उजवीकडे नेऊन लपवला. ती टक लावून बघत होती. पोपट दिसेनासा झाला आणि ती वळली डावीकडे!

नजरेआड गेलेली वस्तू असतेच, हे तिला एव्हाना काही प्रमाणात कळले होते. पण पोपट कुठे आहे याचे ज्ञान अजून ‘मी हात घालते तिथे तो सापडतो’ या कृतीपासून सुटे झाले नव्हते, असा अर्थ पियाजे यांनी लावला. या अर्थावर पुढे पुष्कळ वाद झाले. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी लहान बाळांना हात न लावता नुसते बघू दिले. पाच महिन्यांची बाळेसुद्धा, एखादा पडदा त्याच्यामागे लपलेल्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा दिसला की अधिक वेळ टक लावून बघत राहिली. म्हणजे हाताला जे जमत नाही त्याची थोडीफार चाहूल डोळ्याला आधीच असावी. तुम्ही बाळाकडून उत्तर कशातून मागता, हातातून की नजरेतून, यावर उत्तर बदलते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मोठ्या मुलांच्या बाबतीतही ती पुन्हा भेटणार आहे.

या अवस्थेच्या शेवटाची एक नोंद मला सगळ्यांत आवडते. ल्युसिएन १ वर्ष ४ महिन्यांची आहे. काडेपेटीत घड्याळाची साखळी ठेवली आहे आणि पेटी इतकीच उघडी आहे की फट जेमतेम ३ मिलिमीटरची. पेटी उलटी करून वस्तू पाडायची आणि फटीत बोट घालून ओढायची, अशा दोन युक्त्या तिला येतात. फट मोठी कशी करायची ते येत नाही. बोट घालते, जमत नाही. मग ती थांबते, फटीकडे बघते आणि स्वतःचे तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते; आधी थोडे, मग आणखी मोठे. त्यानंतर बोट फटीत अडकवून पेटी ओढते आणि साखळी काढते. फट मोठी करण्याचा विचार तिने तोंडाने केला. शब्द नव्हते, चित्र डोक्यात ठरेना, म्हणून शरीराने ते करून पाहिले. कृतीतून प्रतीकाकडे जाणारे पाऊल इतके उघड्यावर क्वचितच दिसते. बालवाडीत बोटे, मान आणि ओठ हलवत विचार करणाऱ्या मुलाला ‘हात खाली ठेव’ म्हणण्याआधी ही नोंद आठवावी.

आता पाण्याचा प्रयोग. तो पाठ्यपुस्तकात असतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा केला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन सारखे पेले घ्या आणि एक उंच, अरुंद पेला. दोन्ही सारख्या पेल्यांत पाणी ओता, पण ‘हे सारखं आहे’ असे तुम्ही जाहीर करू नका. मुलालाच ठरवू द्या. एकात जरा जास्त वाटत असेल तर त्याला थेंब थेंब कमी-जास्त करू द्या. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे फुकट जाते, कारण सुरुवातीची समानता मुलाने मानलीच नसेल तर नंतरच्या उत्तराला अर्थ राहत नाही. मग मुलाच्या समोर एका पेल्यातले पाणी अरुंद पेल्यात ओता. पाच वर्षांच्या मुलीशी संवाद साधारण असा होतो:

‘आता दोघांना प्यायला सारखं पाणी आहे, की कुणाला जास्त आहे?’
‘ह्याच्यात जास्त.’
‘कशावरून गं?’
‘हे वर आलंय ना, बाई.’
‘मग हे परत त्या जुन्या पेल्यात ओतलं तर?’
‘मग सारखं होईल.’
‘आणि आत्ता?’
‘आत्ता ह्याच्यात जास्त.’

चौथ्या ओळीवर थांबू नका. बरेच छात्राध्यापक तिथेच थांबून वहीत ‘पूर्वक्रियात्मक’ असे लिहून मोकळे होतात. परत ओतले की सारखे होईल हे या मुलीला ठाऊक आहे. पण ते तिच्या लेखी पुढे घडणारी वेगळी घटना आहे. आत्ताच्या पाण्याबद्दल ते काही सांगते असे तिला वाटत नाही. पियाजे ज्याला उलटक्षमता म्हणतात ती इथे अजून आलेली नाही. मनातल्या मनात क्रिया उलटी फिरवून तिचा उपयोग आत्ताच्या निष्कर्षासाठी करणे, हे ते सामर्थ्य.

साडेसहा-सात वर्षांचे दुसरे मूल ‘सारखंच आहे’ म्हणेल. तेही पुरेसे नाही, कारण विचारा. पक्क्या उत्तरामागे साधारण तीनपैकी एक कारण येते. ‘तेच पाणी आहे, कुठं ओतलं का अजून?’ किंवा ‘परत ओतलं तर तेवढंच येईल.’ किंवा ‘हा पेला उंच आहे, पण बारीक आहे ना.’ मग पियाजे यांची आवडती खोडी करा आणि उलटा मुद्दा मांडा: ‘मघाशी एक मुलगा म्हणाला, पाणी वर आलंय म्हणजे जास्त आहे. त्याचं बरोबर आहे का?’ ज्याची समज पक्की आहे ते मूल त्या मुलाला समजावून सांगायला लागते. मधल्या टप्प्यावरचे मूल डळमळते, कधी सारखे म्हणते, कधी जास्त. शिक्षकाने खरे लक्ष या डळमळणाऱ्या मुलाकडे द्यावे, कारण उंची आणि रुंदी या दोन्ही गोष्टी त्याला दिसू लागल्या आहेत, फक्त अजून एकत्र धरता येत नाहीत.

या मुलाखतीला कौशल्य लागते. १९२६ च्या आपल्या पुस्तकात पियाजे यांनी मुलांच्या उत्तरांचे प्रकार सांगितले आहेत. प्रश्नात रस नसल्यामुळे मनाला येईल ते बोलणे हा एक प्रकार. मजेखातर गोष्ट रचणे हा दुसरा. विचारणाऱ्याला काय हवे आहे ते ओळखून तसे सांगणे हा तिसरा. ही तीन उत्तरे मुलाच्या विचाराबद्दल फारसे काही सांगत नाहीत. उरतात ती दोन: विचारल्यावर मुलाने स्वतः विचार करून काढलेले आणि आधीपासूनच मनात असलेले. हा फरक ओळखता यायला किमान वर्षभर रोजचा सराव हवा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे आंतरवासितेच्या धावपळीत, फाइल पूर्ण करण्यासाठी एका दुपारी दहा मुलांचे निरीक्षण उरकले जाते. त्यातून काय मिळत असेल, हे सांगायला नको.

पण मुलाला काय हवे ते ओळखून उत्तर देण्याचा हा धोका पियाजे यांच्या स्वतःच्या प्रश्नातही होता. एडिंबरामध्ये मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यावर बोट ठेवले. विचार करा: मोठ्या माणसाने एकदा विचारले, ‘सारखं आहे का?’ मूल म्हणाले, हो. मग त्या माणसाने काहीतरी मुद्दाम, ठळकपणे बदलले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. शाळेत तोच प्रश्न पुन्हा आला की पहिले उत्तर चुकले असे मुले समजतात, आणि बहुतेकदा त्यांचे बरोबरही असते! १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हा प्रयोग दोन समान ओळींत मांडलेल्या सोंगट्यांवर केला. मोठ्या माणसाने एक ओळ पसरवली तेव्हा चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी १३ जणांनी संख्या सारखी असल्याचे सांगितले. तीच ओळ एका ‘खोडकर’ टेडीने येऊन विस्कटली, तेव्हा असे सांगणारी मुले ५० झाली. त्याच वर्षी सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी नुसता पहिला प्रश्न गाळून बदलानंतर एकदाच विचारले. त्यांच्याकडेही पहिलीतली अधिक मुले बरोबर आली.

म्हणून पियाजे खोटे ठरले, असा निष्कर्ष काही पुस्तके घाईने काढतात. टेडीच्या प्रयोगालाही उत्तर मिळाले. पुढच्या काही संशोधकांनी टेडीकडून गुपचूप एक सोंगटी खरोखरच वाढवून घेतली, तरीही मुले ‘सारखंच’ म्हणाली. टेडीच्या गमतीत त्यांचे सोंगट्यांकडे लक्षच नव्हते. तेव्हा सात वर्षे हा आकडा पुढेमागे सरकतो एवढे नक्की. तीन वर्षांचे मूल आणि आठ वर्षांचे मूल या प्रश्नाकडे वेगवेगळ्या रीतीने बघते, हे मात्र पुसले जात नाही. सराव पाठात याचा उपयोग साधा आहे. पेल्यातले पाणी एखाद्या कारणाने ओता. पेल्याची कड फुटलेली आहे, ओठ कापेल, म्हणून दुसऱ्यात ओतू या, असे म्हणा. आणि प्रश्न एकदाच विचारा.

प्राथमिक शिक्षकाला पाण्याच्या पेल्यापेक्षा रोज भिडणारा प्रश्न वेगळा असतो, आणि त्याच्याही मुळाशी हीच अवस्था असते. पाच झेंडू आणि दोन शेवंतीची फुले ठेवून विचारा, ‘झेंडू जास्त की फुलं जास्त?’ सहा वर्षांचे बरेच मूल म्हणेल, झेंडू जास्त. ते झेंडूंची तुलना शेवंतीशी करते. सगळी फुले मनात एकत्र धरली की त्यातले झेंडू वेगळे काढता येत नाहीत. झेंडू वेगळे काढले की ‘सगळी फुले’ उरत नाहीत, उरते शेवंती. भाग आणि पूर्ण एकाच वेळी मनात ठेवणे हे मूर्त क्रियात्मक अवस्थेचे काम आहे, आणि आपली दशमान पद्धत नेमकी त्यावरच उभी आहे.

पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी यासाठी एक परीक्षा वापरली. ती चिंचोक्यांवर अर्ध्या तासात करता येते. दुसरीच्या मुलाला १६ चिंचोके मोजायला सांगा आणि कागदावर १६ लिहायला सांगा. मग कागदावरच्या ६ भोवती वर्तुळ काढा: ‘एवढे चिंचोके दाखव.’ मूल सहा बाजूला काढते. आता १ भोवती वर्तुळ काढा: ‘हा जो आकडा लिहिलाय, तेवढे दाखव.’ पुष्कळ मुले एकच चिंचोका उचलतात. टेबलावर नऊ चिंचोके बेवारस उरतात. त्यांच्याकडे बोट दाखवून विचारा, ‘मग हे कशाचे?’ काही मुले गोंधळतात, काही ‘ते असेच आहेत’ म्हणतात, आणि एखादे मूल मान वाकडी करून बराच वेळ बघत राहते. या मुलांच्या वहीत ‘एकक ६, दशक १’ हे बिनचूक लिहिलेले असते. कोष्टकाच्या रकान्यात आकडे बरोबर बसवणे आणि दहा सुटे म्हणजेच एक दशक, शिवाय ते दहा अजूनही सुटेच, असे मानणे यांत अंतर आहे. तिसरीत ५२ मधून १७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून साताला वरून घेऊन ४५ लिहिणारे मूल याच अंतराच्या पलीकडे उभे असते. त्याला ‘हातचा घे’ असे आणखी दहादा सांगून ते अलीकडे येत नाही. त्याला दहाची जुडी बांधायला आणि सोडायला द्यावी लागते. बांधलेली जुडी सोडली की तेवढ्याच काड्या निघतात, हे पाण्याचेच उलटे ओतणे आहे.

मराठी मुलाला इथे थोडा जास्त चढ आहे. बत्तीस या शब्दात तीन दशके आणि दोन एकके सहजी ऐकू येत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘तीस दोन’ असे वाचन आणले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर जी बाजू मांडत होत्या ती याच अडचणीची होती. माझ्या मते त्या पद्धतीत गैर काही नव्हते. पण नाव बदलून दशक कळतो असेही नाही. नऊ चिंचोक्यांचा प्रश्न तिथेही विचारावा लागतो.

वयाच्या कोष्टकाला सर्वांत मोठा धक्का पियाजे यांच्या स्वतःच्या निरीक्षणांनी दिला आहे. मातीचा गोळा घ्या आणि मुलासमोर त्याची लांब वळी करा. माती तेवढीच आहे, हे मूल सात-आठव्या वर्षी सांगते. त्याच मुलाला विचारा, वजन? ‘वळी हलकी, बारीक झाली ना.’ वजन तेवढेच राहते, हे नऊ-दहाव्या वर्षी येते. आणि पाण्यात बुडवल्यावर गोळा आणि वळी पाणी सारखेच वर चढवतील, हे अकरा-बाराव्या वर्षापर्यंत येत नाही. तर्क तिन्ही वेळी एकच आहे: काही घातले नाही, काही काढले नाही. तरी चार वर्षांचे अंतर पडते. याला पियाजे यांनी नाव दिले, पण पटेल असे कारण त्यांना देता आले असे मला वाटत नाही. मूल कोणत्या वस्तूबरोबर वाढले आहे यावरही हे ठरते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेक्सिकोतली कुंभारांची मुले मातीच्या प्रश्नात त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा पुढे आढळली. तेव्हा ‘हा मुलगा मूर्त क्रियात्मक अवस्थेत आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या बाबतीत, ते लिहायला हवे. पाचवीत आकारमानाचा पाठ घेणाऱ्याने तर वस्तुमान कळलेल्या मुलाला आकारमानही कळले असेल, असे धरूनच चालू नये.

चौथ्या अवस्थेसाठी बार्बेल इनहेल्डर यांनी वापरलेला लंबकाचा प्रश्न मला अजूनही सर्वांत चांगला वाटतो. इनहेल्डर पियाजे यांच्या आयुष्यभराच्या सहकारी. पौगंडावस्थेतल्या विचारांवरचे दोघांचे पुस्तक १९५५ चे. आठवीच्या वर्गात दोरा, लोखंडी नट आणि घड्याळ द्या. लंबक लवकर-लवकर हलणे किंवा सावकाश हलणे कशावर अवलंबून आहे, ते मुलांनी शोधायचे. दोऱ्याची लांबी, टांगलेले वजन, किती वरून सोडला आणि किती जोराने ढकलला, असे चार संशयित आहेत.

एक गट काय करतो ते पाहू. २५ सेंमी दोऱ्याला दोन नट बांधून त्यांनी दहा आंदोलने मोजली. वेळ लागला १० सेकंद. मग १ मीटर दोरा आणि एकच नट, तर २० सेकंद. गटाने फळ्यावर लिहिले, ‘दोरा आखूड आणि वजन जास्त असेल तर लंबक वेगाने हलतो.’ मोजमाप अचूक आहे आणि अर्धा निष्कर्षही खरा आहे. दहा वर्षांची मुलेही असेच करतात. वस्तू हाताळतात, आकडे नीट लिहितात, पण एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. इथे ‘वजनाचा संबंध नसतो’ असे सांगून टाकले की धडा संपतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे विचारा: ‘शेजारचा गट म्हणतो, सगळं दोऱ्यामुळं झालं, वजनाचं काही नाही. तुम्ही त्यांना चूक कसं ठरवाल?’ आता औपचारिक विचाराची वाट धरलेले मूल म्हणते, ‘दोरा तोच ठेवू आणि फक्त नट बदलू.’ या वाक्यात चारही शक्यता मनात मांडलेल्या आहेत आणि तीन गोष्टी जागच्या जागी ठेवून चौथी हलवायचे ठरवले आहे. हातात नट येण्याआधीच प्रयोग डोक्यात झालेला आहे. मूर्त अवस्थेतल्या मुलासाठी समोर घडलेले खरे असते आणि शक्यता त्यानंतर येते. इथे क्रम उलटा झाला आहे.

हा पाठ घेणाऱ्याने दोन ठिकाणी सांभाळावे, नाहीतर उपकरणच खोटी साक्ष देते. दुसरा नट पहिल्याच्या खाली लोंबकळत बांधला तर वजनासोबत लंबकाची लांबीही वाढते आणि वजनामुळे वेळ बदलल्यासारखा दिसतो. म्हणून सगळे नट एकाच आकड्यात, एकाच उंचीवर अडकवा. दुसरे, फार वरून सोडू नका. उभ्या रेषेपासून १०-२० अंशांपर्यंत सोडल्यास दहा आंदोलनांच्या वेळात घड्याळाला दिसेल असा फरक पडत नाही. ६० अंशांवरून सोडले तर वेळ सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. चाणाक्ष मुले तो पकडतात आणि ‘उंचीमुळंही बदलतं’ म्हणतात. ते चूक म्हणत नाहीत. आणि एकच आंदोलन मोजायला देऊ नका, कारण घड्याळ सुरू-बंद करण्यातली चूकच उत्तराएवढी मोठी होते. ५० सेंमीला दहा आंदोलनांचे १४ सेकंद आले म्हणजे मोजणी ठीक चालली आहे.

अकराव्या वर्षी हे आपोआप येईल, अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. अनेक देशांत केलेल्या चाचण्यांत मोठी माणसेही लंबकासारख्या प्रश्नांत अडखळली. १९७२ च्या एका लेखात पियाजे यांनी स्वतःच आपले विधान सैल केले. औपचारिक विचार पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यानही येऊ शकतो, आणि तो ज्याच्या त्याच्या कामाच्या क्षेत्रात येतो, असे त्यांनी मान्य केले. त्यांनी उदाहरणे दिली ती सुतारकाम, कुलूपकाम, यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या उमेदवारांची: शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नावर थिजणारा मुलगा आपल्या कामात शक्यता मांडून एकेक तपासत असेल. बंद पडलेली मोटारसायकल घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर हे दिसते. मेकॅनिक आधी प्लग काढून बघतो, तो बरा निघाला की तो परत लावतो आणि मगच कार्बोरेटरकडे वळतो. दोन्ही एकदम बदलून गाडी सुरू झाली तर बिघाड कशात होता ते कळणार नाही, हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

तेव्हा लंबकावर जो अडला त्याच्या नावापुढे अवस्था लिहिण्याआधी दुसरा प्रश्न त्याच्या गावातला विचारून पाहावा. गाव सोयाबीनचे असेल तर असा: एका शेतकऱ्याने खालच्या रानात नवे बियाणे आणि जास्त खत टाकले, वरच्या रानात जुने बियाणे आणि कमी खत. खालच्या रानात उतारा जास्त आला. आता तो म्हणतो, पुढच्या वर्षी सगळीकडे नवेच बियाणे घेणार. हा मुलगा मान डोलावतो की विचारतो, ‘पण सर, खालचं रान काळ्या मातीचं आहे का?’